पंधरा रविवार, दोन ओळी

२० मार्च २०२५ ची नाथषष्ठी. पैठणहून परत येताना एस.टी.त आमच्या दिंडीचे विणेकरी काका शेजारच्या सीटवर होते. म्हणाले, "ताई, तुम्ही लिहिता ना? मग आषाढीपर्यंत दर रविवारी दोन ओळी द्या. ग्रुपवर टाकू, त्याचाच छोटा व्हिडिओ करू. पोरं मोठं काही वाचत नाहीत, आणि म्हाताऱ्यांना वाचवत नाही." गुढीपाडवा ३० मार्चला रविवारी होता आणि आषाढी ६ जुलैला, तीही रविवारीच. बोटांवर मोजलं तर पंधरा रविवार भरत होते. पंधरा गुणिले दोन म्हणजे तीस ओळी. मी हो म्हणून बसले.

मी गंगाखेडला शिवणकाम करते. वहीत अभंगासारखं काहीबाही लिहायची सवय जुनी, पण ते सगळं वीस-वीस ओळींचं. नेमक्या दोनच ओळी लिहायच्या म्हटल्यावर पहिला आठवडा हातून काहीच झालं नाही. असंच काही लिहायला घेतलेलं कुणी माझ्यासारखं अडलं असेल, तर त्यांच्यासाठी हे सगळं तारीखवार लिहून ठेवते.

सुरुवातीचा प्रश्न मापाचा होता. आमच्या गल्लीत मराठीचे एक निवृत्त शिक्षक राहतात, त्यांच्याकडे गेले. सरांनी दोन मापं सांगितली. मोठ्या अभंगाला चार चरण, सहा-सहा-सहा-चार अशी बावीस अक्षरं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. लहान अभंगाला आठ-आठ अक्षरांचे दोन चरण आणि दोन्हींच्या शेवटी यमक. तुकोबांचं 'हेचि दान देगा देवा । तुझा विसर न व्हावा' हे लहान माप. अक्षर मोजायचं, मात्रा नाही. 'व्हा' हे जोडाक्षर असलं तरी एकच, आणि अनुस्वार वेगळा धरायचा नाही. मी आधी वृत्तांच्या पुस्तकातून लघु-गुरू लावत बसले होते, त्यात दोन संध्याकाळी वाया गेल्या.

लहान माप घ्यायचं ठरलं ते मात्र मायच्या फोनमुळे. तिनं अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवली आहेत. मोठ्या अभंगाची ओळ त्या पडद्यावर मधेच तुटून खाली येते आणि यमक भलतीकडेच जाऊन पडतं. आठ अक्षरांची ओळ एका दमात मावते. तुम्हीही पाठवण्याआधी घरातल्या सर्वात म्हाताऱ्या माणसाच्या फोनवर ओळ टाकून बघा.

३० मार्चला पहिल्या दोन ओळी गेल्या:

सोड माया, धर भक्ती ।
तुझ्या नामे मिळे मुक्ती ॥

आठ-आठ अक्षरं बरोबर, यमकही चोख. ग्रुपवर चाळीसेक हात जोडलेले आले. सरांनी मात्र वाचून एवढंच विचारलं, "यातला तुझा शब्द कोणता?" मी पुन्हा पुन्हा वाचलं. एकही नव्हता. 'भक्ती' लिहिलं की 'मुक्ती' बोलावल्याशिवाय येऊन बसते. 'भाव' आला की मागून 'देव', आणि 'चरणी' आलं की 'शरणी'. ओळ आपण लिहिली असं वाटतं, पण ती यमकानं लिहिलेली असते. त्या रात्री वहीच्या पुठ्ठ्यावर अशा शब्दांची यादी केली: माया, मुक्ती, भक्ती, चरण, नाम, भवसागर. पुढच्या चौदा रविवारांत यातला एखादाच शब्द वापरायचा, आणि तोही शेजारी हाताला लागेल अशी वस्तू असेल तरच.

६ एप्रिलला, रामनवमीला, म्हणून जातं घेतलं:

जात्यामध्ये दाणा फुटे ।
तुझे नाव तिथे भेटे ॥

हे लिहिताना मला खरंच काही सापडल्यासारखं वाटलं. जातं ओढताना नाव घेतात ते वेळ जावा, जड ओढणं सोपं व्हावं म्हणून, असं मी समजत होते. पण दाणा जिथं फुटतो त्याच जागी ते नाव येतं, हे मी लहानपणी मायच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकलेलं होतं. सरांनीही मान डोलावली. त्या ओळी दिंडीच्या ग्रुपमधून बाहेर पडल्या आणि कुठे कुठे गेल्या.

१६ एप्रिलला त्या परत आल्या. माझ्या नणंदेच्या ग्रुपवर, मागे सूर्योदयाचं चित्र, आणि खाली लिहिलेलं: संत जनाबाई.

मला किती वाईट वाटलं ते सांगते. माझं नाव गेलं याचं दुःख थोडंच होतं. पण गंगाखेड हे जनाबाईंचं गाव. त्यांच्या मंदिरावरून मी रोज कापड आणायला जाते. त्यांनी न म्हटलेल्या ओळी त्यांच्या नावावर फिरत होत्या आणि त्या माझ्या होत्या. मी त्या ग्रुपवर लिहिलं, जिथून आलं त्यांना लिहायला सांगितलं. एका काकांनी आपला मेसेज पुसला. बाकी ठिकाणी ते तसंच चाललेलं असणार.

दुसऱ्या दिवशी एका ओळखीच्या वकिलांना विचारलं. त्यांनी सांगितलेलं उपयोगी आहे म्हणून इथे देते. लिहिलेल्या गोष्टीवरचा हक्क ती लिहिल्या क्षणापासून लिहिणाऱ्याचा असतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. नोंदणी पुरावा म्हणून कामी येते. अर्ज कॉपीराइट कार्यालयाकडे ऑनलाइन करता येतो, साहित्यकृतीला ५०० रुपये शुल्क आहे. अर्ज भरला की डायरी क्रमांक मिळतो, आणि त्यानंतर कुणाचा आक्षेप येतो का यासाठी ३० दिवस थांबावं लागतं. मग तपासणी. दोन-दोन ओळींचे वेगळे अर्ज करत बसण्यात अर्थ नव्हता, म्हणून सगळं एकत्र करून एकच अर्ज आषाढीनंतर करायचं ठरवलं. पण ओळीखाली कुणी दुसऱ्याचं नाव लिहिलं तर डायरी क्रमांक त्याचा हात धरत नाही. त्यासाठी मी दोन गोष्टी केल्या. व्हिडिओत नाव ओळींच्या खाली न ठेवता दोन ओळींच्या मधल्या जागेत, बारीक अक्षरात टाकलं. खालचं नाव सहज कापता येतं. आणि 'जनी म्हणे', 'तुका म्हणे', 'एका जनार्दनी' असलं काहीही ओळीत यायचं नाही, हे स्वतःला बजावलं. नाममुद्रा ज्याची त्याची असते.

खरी चूक मात्र सरांनी दाखवली. "लोकांनी जनाबाईचं नाव उगाच नाही लावलं. 'फुटे', 'भेटे' ही क्रियापदं तू आज बोलतेस का?" मी बोलत नाही. मी 'फुटतो' म्हणते, 'भेटतं' म्हणते. भक्तीचं म्हणून मी ओळीला जुनं लुगडं नेसवलं होतं. जनाबाई त्यांच्या काळची, घरातली मराठी बोलल्या. मी त्यांच्या काळची बोलू गेले. 'फुटे' लिहिलं की अक्षरही वाचतं, तो मोह वेगळाच. त्या दिवसापासून आजची क्रियापदं वापरायची ठरली, आणि काम दुपटीनं अवघड झालं. १३ एप्रिलचा रविवार आधीच कोरा गेला होता, आता २० एप्रिलचाही गेला. काकांना फोन करून सांगितलं, ते म्हणाले, "विठोबा थांबलेलाच हाय, आपण बी थांबू."

२२ एप्रिलला मायकडे गेले. आमचं गाव माळावर आहे, गोदावरी जवळ असून आम्हाला तिचं पाणी नाही. उन्हाळ्यात टँकर. त्या दिवशी टँकर आला तेव्हा माय दवाखान्यात होती, मी तिच्यासोबत. परत आलो तर रांग संपलेली, टँकर गेलेला, आणि आमच्या ओट्यावर दोन हंडे भरून ठेवलेले. कुणी भरले, शेजारच्या काकूंना विचारलं, त्या म्हणाल्या मी नाही. पलीकडच्या सुनेनं पण नाही म्हटलं. मायनं झाकण ठेवलं आणि चहाला पाणी घेतलं. तिला त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही.

मला तिथंच लिहायचं होतं. त्या दोन ओळींना २५ मेपर्यंतचा वेळ लागला, आणि दर पायरीला काय चुकलं ते वहीत आहे.

पहिला खर्डा त्याच रात्रीचा:

जशी रांग पाण्यापाशी ।
तशी ओढ तुझ्यापाशी ॥

'जशी-तशी' आलं की दुसरी ओळ पहिलीचा अर्थ सांगायला बसते. आणि यात घडलेली गोष्ट कुठंच नाही. रांग रोजचीच आहे, त्या दिवशीचं वेगळेपण भरलेल्या हंड्यात होतं.

दुसरा:

विटेवर उभा वेडा ।
भरे कधी माझा घडा ॥

हा मला दोन दिवस आवडला. मग मायला म्हणून दाखवला. ती म्हणाली, "घडा भरला म्हंजी पाप भरलं का गं?" घडा भरणं म्हटलं की मराठी कानाला पापाचाच घडा ऐकू येतो. शिवाय 'भरे' परत आलंच होतं.

तिसऱ्यात मी घडलेलं तसंच लिहिलं. माझी रांगेतली पाळी आली नाही आणि घागर मात्र भरली. अक्षरं बरोबर बसली, 'कोणी घागर भरली' ही ओळ मनासारखी झाली, आणि २७ एप्रिलच्या रविवारी सकाळी घाईत बहिणींच्या ग्रुपवर टाकली. दहा मिनिटांत भाचीचा फोन: "मावशी, पहिली ओळ मोठ्यानं वाच." 'माझी पाळी नाही आली.' मोठ्यानं वाचल्यावर ऐकू आलं ते वहीत एकदाही दिसलं नव्हतं. लगेच काढून टाकली. बायकांच्या पाळीत लाजण्यासारखं काही नाही, पण त्या ओळीला जे सांगायचं होतं ते त्या अर्थापुढे कुणाला ऐकूच आलं नसतं. दोन ओळींत शब्दाला सावरून घ्यायला आजूबाजूला दुसरी वाक्यं नसतात. शब्दाचा जो अर्थ सर्वात जवळचा तोच आधी उभा राहतो. तेव्हापासून पाठवण्याआधी ओळ तीन वेगवेगळ्या वयांच्या माणसांपुढे मोठ्यानं वाचते. त्यातलं एक वीसच्या आतलं हवंच.

मग लक्षात आलं की टँकरच्या रांगेत 'पाळी' कुणी म्हणतच नाही. सगळे 'नंबर' म्हणतात. 'घागर'ही पुस्तकातली, ओट्यावर होते ते हंडे. चौथा खर्डा:

माझा नंबर हुकला ।
हंडा कुणी हा भरला ॥

दोन ओळींत इंग्रजीतून आलेला 'नंबर' चालेल का, याची भीती होती. सर म्हणाले, जो शब्द मायच्या तोंडी आहे तो मराठी. पण व्हिडिओसाठी म्हणून पाहिलं तेव्हा ओळ लंगडायला लागली, आणि त्याचं कारण शोधायला मला आठवडा लागला. ते कारण सांगते, कारण कागदावर मोजून लिहिणाऱ्या प्रत्येकाला ते आडवं येणार आहे.

अभंग गाताना प्रत्येक अक्षर सुटं म्हणतात. 'विसर' हे वि-स-र असं तीन ठोक्यांत येतं. बोलताना मात्र आपण 'विसर्' म्हणतो, दोनच ठोके. 'नंबर'चे बोलताना दोन, 'हुकला'चे दोन, 'भरला'चेही दोन. म्हणजे कागदावर आठ-आठ असलेल्या माझ्या ओळी तोंडातून सहा आणि सात येत होत्या. चालीवर म्हटलं तर हे झाकलं जातं. पण छोट्या व्हिडिओत माणूस बहुतेक बोलतोच, आणि मेसेज वाचणारा तर मनात बोलतच वाचतो. त्यामुळे दोन्ही मोजणी करायला हव्यात: आधी बोटांवर अक्षरं, मग टाळी वाजवत बोललेले ठोके. दोन्ही ओळींचे ठोके सारखे आले की ओळ चालायला लागते. शिवाय त्या ओळीतला 'हा' निव्वळ भरतीचा होता. आठवं अक्षर कमी पडलं म्हणून घुसवलेला. 'हा', 'तो', 'रे', 'की' काढून टाकल्यावर अर्थात काहीच कमी झालं नाही, तर ते ठिगळ समजायचं.

१८ मेला मायपुढे बसून टाळ्या वाजवत होते. ती डाळ निवडत होती. "काय करायलीस कवापासून?" म्हणाली. सांगितलं. तिनं वर न बघता ओवीच्या सुरात म्हटलं, "माझा नंबर गेला गं..." आणि थांबली. दुसरी ओळ मग आपोआप आली:

माझा नंबर गेला गं ।
हंडा कुणी भरला गं ॥

अक्षरं आठ आणि आठ. बोललेले ठोके सात आणि सात. 'गेला', 'भरला' रोजच्या बोलण्यातले. आणि 'गं' भरतीचा नाही. जात्यावरची ओवी बऱ्याचदा कुणा सखीला, बाईला उद्देशून असते. त्या 'गं'नं ओळीत दुसरी बाई येऊन बसली, जिला हे सांगायचं आहे.

पण मला सर्वात मोलाचं वाटतं ते 'कुणी'. मराठीत त्याचे दोन अर्थ एकाच वेळी होतात: कुणीतरी भरला, आणि कुणी बरं भरला? मी प्रश्नचिन्ह घातलं असतं तर पहिला अर्थ गेला असता, म्हणून घातलं नाही. काकांनी विचारलं, "यात देवाचं नाव नाही, भक्तीचं कसं म्हणायचं?" मी उत्तर शोधत होते तेवढ्यात माय म्हणाली, "श्रीखंड्याचंच हाय की ते." नाथांच्या घरी देव श्रीखंड्या होऊन पाणी भरत होता आणि ते नाथांनाही कळलं नव्हतं, ही कथा आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. पैठणला नाथषष्ठीत त्याच रांजणाला हात लावून मी आले होते आणि दोन महिने मला ते आठवलं नव्हतं. श्रीखंड्याचं नाव ओळीत घालून बघितलं. घातल्यावर ती फक्त त्या कथेची ओळ झाली, आमच्या ओट्यावरचा हंडा त्यातून गेला. म्हणून काढलं. मेसेजखाली चार ओळींचा खुलासा लिहिला होता, तोही काढला. कथा ज्याला ठाऊक आहे त्याला ती भेटेल, नसेल त्याला शेजारीण भेटेल.

२४ मेच्या रात्री रेकॉर्डिंग केलं. कॉलरला लावायचा वायरचा माईक ३५० रुपयांना घेतला होता, पंधरा रविवारांचा मोठा खर्च तेवढाच. पंखा बंद, खिडकीला गोधडी. मागे गाजलेल्या अभंगाची धून लावू नका. अभंग संतांचा असला तरी रेकॉर्डिंग कंपनीचं असतं आणि व्हिडिओचा आवाज बंद केला जाऊ शकतो. मी शेवटी टाळाचा एकच ठोका ठेवला. दोन्ही ओळी एकदम पडद्यावर आणल्या तर डोळा आधी दुसरी वाचतो आणि वळण हातचं जातं. म्हणून पहिली ओळ एकटी, मग साधारण दोन श्वासांची शांतता, फक्त रिकाम्या ओट्याचं चित्र, मग दुसरी. नंतर दोन्ही पुन्हा एकदा. सगळं मिळून अठरा सेकंद. ती शांतता कापून टाक, लोक पुढं सरकतात, असं भाचीनं सांगितलं होतं. काही सरकले असतील. मी ठेवली. २५ मेच्या रविवारी ते गेलं.

आषाढीपर्यंत पंधरापैकी अकराच रविवार भरले. चार कोरे. १४ जुलैला सगळ्यांचा मिळून अर्ज भरला, ५०० रुपये भरले, डायरी क्रमांक आला, आणि ३० दिवस मोजायला लागले.

त्याआधीची एक गोष्ट राहिली. जूनमध्ये शेगावची गजानन महाराजांची पालखी आमच्याकडून जाते. आम्ही बायका चहा द्यायला रस्त्याकडेला उभ्या होतो. मागच्या बाजूला एक वारकरी बाई सावलीत बसून पायाला तेल चोळत काही म्हणत होती. कानावर आलं:

माझा नंबर गेला गं ।
हंडा विठून भरला गं ॥

माझा 'कुणी' तिनं काढला होता. कागदावर मोजली तर तिची दुसरी ओळ नऊ अक्षरांची. टाळीवर मोजली तर सात ठोके, तंतोतंत. मी तिला चहा दिला आणि विचारलं, ही ओवी कुठली. "आमच्या गावाकडची," म्हणाली. मी काही बोलले नाही. घरी येऊन वहीत माझ्या ओळींच्या खाली तिच्याही लिहून ठेवल्या. नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून शेजारी तारीख आणि 'पालखीतली बाई' एवढंच आहे.